फ्रिजमधला ‘टक्’

आखाडा बाळापूरच्या आमच्या घरात मे महिन्यात एके सकाळी फ्रिज बोलू लागला. पाठीमागून हुं... असा दबका आवाज यायचा, पाच-सहा सेकंदांत ‘टक्’ व्हायचं आणि सगळं गप्प. दीड-दोन मिनिटांनी पुन्हा तेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, “कंप्रेसर गेला बघा, आता नवाच घ्या.” पण मला त्या आवाजाचंच कुतूहल वाटलं. कारण ‘टक्’ व्हायला कंप्रेसरपर्यंत वीज पोहोचावी लागते. मग तो फिरत का नाही?

जुनं पायाचं शिलाई मशीन आठवा. पायडल नेमक्या मधल्या जागी अडकलं की कितीही दाबा, चाक हलत नाही. हातानं चाकाला किंचित धक्का दिला की ते धावू लागतं आणि मग हाताची गरज उरत नाही. फ्रिजच्या कंप्रेसरचं असंच आहे. त्यात तारेची दोन वेटोळी असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. एकटं रनिंग वाइंडिंग रोटरला पुढं-मागं खेचत राहतं, पण फिरवू शकत नाही. पहिला धक्का स्टार्टिंगनं द्यायचा असतो. त्याची तार बारीक, म्हणून सुरुवातीचा क्षण सरला की त्याला बाजूला करावं लागतं. नाहीतर ते जळेल.

हे बाजूला करण्याचं काम करतो रिले, आणि त्याची गंमत अशी की आजच्या साध्या फ्रिजमधल्या बहुतेक रिलेंत हलणारं काहीच नसतं. आत बटणाएवढी चिनी मातीसारखी चकती असते, बेरियम टायटॅनेटची. थंड असताना ती वीज सहज जाऊ देते. वीज जाताच ती तापते, आणि साधारण 120 अंश सेल्सिअस ओलांडले की तिचा रोध काही ओहमवरून एकदम हजारो ओहमवर जातो. स्टार्टिंगची वीज जवळजवळ बंद! तिला कुणी सांगत नाही, तिच्या स्फटिकांची रचनाच त्या तापमानाला बदलते. फ्रिज चालू असेपर्यंत ती तशीच तापलेली, पहारा देत बसते.

‘टक्’ करणारा मात्र दुसराच, ओव्हरलोड. त्यात दोन धातू चिकटवून केलेली वाटोळी पट्टी असते. कंप्रेसर न फिरता नुसता गुरगुरला, तर चालू कंप्रेसरच्या कित्येक पट करंट ओढतो. पट्टी तापून उलटी वाकते, सर्किट तुटतं. थंड झाली की पुन्हा जोडते. म्हणजे तो ‘टक्’ वाइंडिंग वाचवत होता.

तपासताना आधी प्लगच्या जागी व्होल्टेज पाहिलं: 224. ठीक होतं. (170 असतं तर धक्क्याचा जोर जवळपास निम्म्यावर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गावर ठरतो. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी हा प्रश्न खराच असतो, तेव्हा भाग बदलण्याआधी हे बघाच.) प्लग काढला, अर्धा तास थांबलो, कंप्रेसरच्या बाजूचं झाकण काढून रिले आणि ओव्हरलोड सरळ ओढून पिनांवरून उपसले. ज्या फ्रिजमध्ये कपॅसिटर असतो, त्यात तो आधी रेझिस्टरमधून रिकामा करावा.

मल्टीमीटर 200 ओहमवर ठेवला. ओव्हरलोडच्या दोन टोकांत 0.5 आलं, म्हणजे चांगला. थंड असूनही तो उघडा दिसला असता, तर टाकून द्यायचा होता. मग कंप्रेसरच्या तीन पिना: 18, 27 आणि 45. सर्वांत मोठा आकडा इतर दोघांच्या बेरजेएवढा आला, हीच खूण दोन्ही वाइंडिंग तुटलेली नसल्याची. तिन्ही पिना आणि कंप्रेसरच्या अंगाचा रंग खरवडलेला पत्रा यांच्यात मीटरनं मोठ्या रेंजवरही काही दाखवलं नाही. तेही बरं, नाहीतर शॉक बसायचा धोका होता.

शेवटी रिले. थंड चकतीत वीस-तीस ओहमच्या आसपास यायला हवं होतं. मीटरवर डावीकडं नुसता ‘1’, म्हणजे वाटच बंद. कानाजवळ हलवला तर आत खडखडलं. उघडल्यावर चकतीचे तीन तुकडे सांडले, एका कडेला काळा डाग. हजारो वेळा तापून आणि थंड होऊन तिला तडा गेला होता.

नवा रिले आणताना जुन्यावरचा आकडा आणि पिनांची मांडणी जुळवून घेतली. हा सगळा खेळ साध्या कंप्रेसरचा. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये हे दोन्ही भाग नसतात, तिथं बोर्ड काम करतो. आणि रिले चांगला निघूनही ‘टक्’ चालूच राहिला असता, तर कंप्रेसर आत जाम झाल्याचा संशय घ्यावा लागला असता.

बसवल्यावर प्लग लावला. क्षणभर जड हुं... आणि मग तोच ओळखीचा बारीक घरघराट. मी मुद्दाम लगेच बंद करून पुन्हा चालू केला. टक्! चकती अजून तापलेली होती, गॅसचा दाबही उतरला नव्हता. लाइट जाऊन आल्यावर होणारा हाच तो टक्. पाच-सात मिनिटं थांबलो, दाब सारखा झाला, चकती थंड झाली आणि फ्रिज पहिल्याच झटक्यात सुरू झाला.