मुलाखत झाली, आता आभाराच्या मेलमध्ये काय लिहायचे?

नव्या शैक्षणिक धोरणाने राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पहिल्याच वर्षी ४ श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग आणले आणि इंटर्नशिपची मुलाखत ही इंजिनिअरिंगच्या पोरांपुरती गोष्ट राहिली नाही. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव भागातली एमएस्सी, एमकॉमची मुलेही आता बायोडाटा घेऊन जळगावला कंपन्यांत जातात. मुलाखत देऊन ती परत येतात आणि निकालाची वाट पाहत बसतात. त्यानंतरच्या २४ तासांत एक छोटा मेल पाठवायचा असतो, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलेच नसते. ज्यांना सांगितलेले असते ते पुढीलप्रमाणे लिहितात.

‘आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे. आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.’

यात चूक काही नाही आणि कामाचेही काही नाही. हाच मजकूर बँकेला चालतो, जिनिंगला चालतो, दवाखान्यालाही चालतो. वाचणाऱ्याने दिवसभरात आठ-दहा मुले पाहिलेली असतात. या दोन वाक्यांवरून त्यातले हे कोणते, हे त्याला आठवणार नाही. त्या मेलमध्ये एक तरी वाक्य असे हवे, जे त्या खोलीत त्या दिवशी बसलेल्या माणसांखेरीज दुसऱ्या कुणाला लिहिताच आले नसते. सगळी मेहनत या एका वाक्याची आहे. बाकीचा मेल पाच मिनिटांत होतो.

ते वाक्य कसे सापडते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, भडगावचा एक मुलगा जळगावला रसायनशास्त्रात एमएस्सी करतो आहे. घरी गिरणाकाठी लिंबाची बाग आहे आणि तिला विहिरीच्या पाण्यावर ठिबक आहे. ठिबक संच बनवणाऱ्या एका कंपनीत त्याची सकाळी ११ ला मुलाखत झाली. अधिकाऱ्यांनी विचारले, ‘ड्रिपर चोकअप का होतात?’ त्याने पुस्तकातले बरोबर उत्तर दिले. जड पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट असते, ड्रिपरच्या तोंडाशी पाणी सुकते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कार्बोनेट मागे राहते. उपाय म्हणून आम्ल प्रक्रियाही सांगितली.

त्यावर अधिकारी म्हणाले, ‘आम्ल नंतर. चोकअप आहे की दाब कमी पडतोय, हे वावरात उभे राहून कसे ओळखशील?’ मुलगा गप्प. मग त्यांनीच सांगितले, की एकाच नळीवरच्या ओळीने येणाऱ्या ड्रिपरांचे पाणी मोजायचे. सुरुवातीपासून टोकापर्यंत थोडे थोडे सारखे कमी होत गेले, तर नळी लांब आहे किंवा दाब पुरत नाही. एक भरून देतो, शेजारचा निम्मेच देतो, पुढचा पुन्हा भरून देतो, असे दिसले तर चोकअप.

मेलमध्ये घ्यायचा मुद्दा हाच. मुलाने दिलेले बरोबर उत्तर त्यात घालायचे नाही. आपले बरोबर आलेले उत्तर परत लिहिले तर ते मिरवणे होते. समोरच्याने शिकवलेली आणि आपल्याला त्या क्षणी न आलेली गोष्ट लिहिली, तर हा मुलगा ऐकून घेतो, हे दिसते. इंटर्नकडून यापेक्षा जास्त अपेक्षाही नसते. तयार माणूस हवा असता तर त्यांनी नोकरीचीच जाहिरात दिली असती.

पण हा मुद्दा रात्री घरी पोचेपर्यंत लक्षात राहत नाही. मुलाखतीतले आपल्याला आठवते ते आपण काय बोललो एवढेच; समोरचा काय म्हणाला ते पुसट होते. म्हणून बाहेर पडल्यावर, पाचोऱ्याकडे जाणारी एसटी निघायच्या आत, मोबाइलमध्ये किंवा बायोडाट्याच्या मागच्या कोऱ्या पानावर तीन गोष्टी टिपून घ्याव्यात. काय विचारले, मी काय बोललो, त्यावर ते काय म्हणाले. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. मुलाखत घेणाऱ्याचे नाव आणि हुद्दाही तिथेच लिहून घ्यावा. नाव ऐकू आले नसेल तर निघताना रिसेप्शनवर विचारावे, त्यात कमीपणा नाही. आडनाव चुकलेला आभाराचा मेल न पाठवलेल्या मेलपेक्षा वाईट.

आपला मुलगा संध्याकाळी भडगावला पोचला. दुसऱ्या दिवशी पहाटे शेतीची लाईट होती म्हणून तो मापाचा पेला घेऊन बागेत गेला. घरचे ड्रिपर तासाला ४ लिटरचे, म्हणजे ३ मिनिटांत २०० मिलिलिटर पडायला हवेत. ओळीने चार ड्रिपर मोजले, ते भरले १९५, १९०, १२० आणि १८५. तिसराच एकटा मागे, आणि त्याच्या पुढचा पुन्हा जवळजवळ पूर्ण. दाब कमी असता तर चौथा तिसऱ्यापेक्षाही कमी भरला असता. सकाळी ९ वाजता त्याने मेल पाठवला.

‘आदरणीय सर,
काल मुलाखतीसाठी वेळ दिलात, त्याबद्दल आभार.
चोकअप आणि कमी दाब यांतला फरक ओळीतले ड्रिपर मोजून कळतो, हे आपण सांगितले. ते मला माहीत नव्हते. आज सकाळी आमच्या लिंबाच्या बागेत चार ड्रिपर ३-३ मिनिटे मोजले. १९५, १९०, १२० आणि १८५ मिलि पाणी आले. तिसऱ्याच्या तोंडाशी पांढरा थर दिसतो. थर कशाचा आहे, हे अजून तपासलेले नाही.
प्रशिक्षणाची संधी मिळाल्यास असे काम करायला मला आवडेल. महाविद्यालयाचे काही पत्र लागत असल्यास कळवावे.
आपला विश्वासू,’

खाली पूर्ण नाव, वर्ग, महाविद्यालय आणि मोबाइल नंबर. बस्स.

यातले ‘अजून तपासलेले नाही’ हे वाक्य काढून टाकण्याचा मोह होईल. पांढरा थर म्हणजे कार्बोनेटच, असे ठोकून द्यावेसे वाटेल. पण रसायनशास्त्राच्या मुलाने आम्लाचा थेंब टाकून फसफस पाहिल्याशिवाय तसे लिहू नये, आणि वाचणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. जेवढे पाहिले तेवढेच लिहिल्याने मेलचे वजन वाढते.

प्रत्येकाच्या घरी ठिबक नसते, आणि प्रत्येक मुद्दा दुसऱ्या दिवशी करून पाहता येत नाही. तिथे एका वाक्याची भर पुरते. अकाउंट्सच्या मुलाखतीत जीएसटीच्या जुळवणीवर बोलणे झाले असेल, तर ‘पुरवठादाराने विवरणपत्र उशिरा भरले तर काय, हा आपला प्रश्न घरी येऊन पुन्हा वाचला’ आणि पुढे काय कळले ते एका ओळीत. मात्र भर घालताना समोरच्याची दुरुस्ती करायला जाऊ नये. कंपनीच्या आतल्या दराबद्दल, ग्राहकाबद्दल किंवा बंद पडलेल्या यंत्राबद्दल बोलता बोलता काही कानावर आले असेल, तर तेही लिहायचे नाही. मेल पुढे कुणाकुणाकडे जाईल, हे आपल्या हातात नसते. उलट, आपलेच एखादे उत्तर साफ चुकले असेल, तर ते एका वाक्यात सुधारता येते. पण एकच. तीन उत्तरे सुधारायला घेतली तर ती पुरवणी होते.

आता वेळेबद्दल. एक दिवसाची मर्यादा नुसत्या शिष्टाचारापोटी नाही. मुलाखत घेणारा आपले शेरे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहितो किंवा वरिष्ठांशी बोलतो. मेल त्याच्या आत पोचला तर उपयोग. फाटकाबाहेर पडल्यापडल्या पाठवलेला मेल घरूनच लिहून आणल्यासारखा वाटतो. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताना, ही ठीक वेळ. रात्री बाराला लिहून झाला असेल तर जीमेलमध्ये Schedule send वापरून सकाळची वेळ लावावी.

मुलाखतीचे बोलावणे ज्या मेलने आले, त्यालाच Reply करावे. विषयाची ओळ तीच राहते आणि मागचा संदर्भ खाली आपोआप येतो. पण आधी पत्ता पाहावा. तो noreply असा असेल तर तिथे कुणी वाचत नाही. अशा वेळी मनुष्यबळ विभागाच्या पत्त्यावर पाठवून ‘कृपया सरांपर्यंत पोचवावे’ असे लिहावे. दोघांनी मुलाखत घेतली असेल तर दोघांना वेगवेगळा मेल, आणि त्यात मुद्दाही वेगवेगळा. ते शेजारी शेजारी बसतात, मेल एकमेकांना दाखवतात. रात्री व्हॉट्सअॅपवर हात जोडलेले चित्र पाठवणे हा याला पर्याय नव्हे.

भाषेचा प्रश्न हमखास येतो. बोलावणे इंग्रजीत आले असेल तर याच क्रमाने, साध्या इंग्रजीत लिहावे; बोलावणे आणि बोलणे मराठीत झाले असेल तर बेलाशक मराठीत. पण मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला हवा. कॉलेजच्या संगणकावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात जुन्या श्रीलिपी फॉन्टात टाइप करून तो मेलमध्ये चिकटवला, तर समोरच्याच्या पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हे उमटतात. आधी स्वतःलाच मेल पाठवून मोबाइलवर उघडून पाहिला की हे कळते.

या मेलने काय होत नाही, तेही माहीत असावे. ज्याचे नाव बाजूला पडले आहे त्याची निवड यामुळे होत नाही. जिथे मुलाखतीला ठरावीक गुण आहेत आणि यादी लागते, अशा सरकारी आणि विद्यापीठीय निवडींत याचा काही परिणाम नाही. तिथे निवड समितीच्या सदस्यांना परस्पर लिहूही नये. फायदा होतो तो दोन मुले सारखी वाटत असताना, किंवा यंदा जागा नसली तरी पुढच्या तुकडीला नाव आठवताना.

उत्तर बहुधा येत नाही. त्यावरून काही अर्थ काढू नये. निकालाची तारीख सांगितली असेल तर ती उलटून दोन दिवस जाऊ द्यावेत आणि त्याच मेलखाली दोन ओळींत एकदाच विचारावे. त्यानंतरची चौकशी महाविद्यालयाच्या प्रशिक्षण समन्वयकामार्फत करावी. कंपनीला तिसरा मेल पाठवू नये.