राग तोच, वाटा चार

अर्धांगवायूनंतर तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सून असं एक घर डोळ्यांसमोर आणू. अंगावर जखमा होऊ नयेत म्हणून सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. या घरात दुःख आहे आणि रागही आहे. आईसमान माणसाचा राग येणं सहन होत नाही, तेव्हा मन नकळत स्वतःला वाचवतं. ॲना फ्रॉइड यांनी 1936 च्या ग्रंथात मनाच्या या संरक्षण यंत्रणांची व्यवस्थित मांडणी केली. पुढे जॉर्ज वेलंट यांनी त्या अपरिपक्व ते परिपक्व अशा पायऱ्यांवर बसवल्या. त्यासाठी त्यांच्या हाताशी 1938 मध्ये सुरू झालेला हार्वर्डच्या 268 विद्यार्थ्यांचा अभ्यास होता. या मुलांची आयुष्यं पुढे अनेक दशकं नोंदवली गेली. ती सगळी शिकलेली अमेरिकन मुलं होती, हे मात्र विसरू नये.

नाकारणं

मुलगा म्हणतो, “हवेची गादी कशाला? महिन्याभरात आई चालायला लागेल.” तो खोटं बोलत नाही. डॉक्टरांचं बोलणं त्याच्या कानांपर्यंत पोहोचतं, पण मनात उतरत नाही. पहिल्या काही दिवसांत असं नाकारणं उपयोगी पडतं, कारण धक्का थोडा थोडा करून पचवता येतो. तिसऱ्या वर्षीही तेच चालू असेल, तर त्याची किंमत आईची पाठ मोजते. समोरचं वास्तवच पुसून टाकणाऱ्या नकाराला वेलंट यांनी सर्वांत खालच्या पायरीवर जागा दिली आहे. रोजच्या घरातला नकार सहसा इतका टोकाचा नसतो, पण जात तीच.

उलट टोक गाठणं

सुनेचं वागणं पाहिलं तर कुणीही तिचं कौतुक करील, आणि म्हणूनच ही यंत्रणा ओळखायला सर्वांत अवघड. राग मनाला अमान्य असतो, म्हणून त्याच्या नेमकं उलट वागणं उभं राहतं. मानसशास्त्रात याला प्रतिक्रिया-निर्मिती म्हणतात. सून नणंदेला हात लावू देत नाही, रात्रीची बाई ठेवू देत नाही. “मला कसला त्रास? माझं भाग्यच आहे,” असं कुणी न विचारताही सांगते.

मग हे खरं प्रेम नाही, असं म्हणायचं का? तसं नाही. प्रेमही असतंच. फरक तीन ठिकाणी दिसतो. प्रेमाला सवड असते, ते एखादा दिवस रजा घेऊ शकतं. या वागण्याला रजा चालत नाही. दुसरं, हे वागणं समोरच्याची गरज पाहत नाही. सासूबाईंना गिळताना ठसका लागतो, तरी ती “अजून दोन घास” म्हणून भरवत राहते. तिसरं, दाबलेला राग कुठून तरी झिरपतो. कूस वळवताना हात जरा जास्तच जोरात लागतो, आणि लगेच दुप्पट लाड सुरू होतात. वेलंट यांच्या मांडणीत ही मधली पायरी. ती घर चालवते, पण माणूस झिजतो.

उदात्तीकरण

आता समजा, ही सून महिला मंडळासाठी एकांकिका लिहायला बसली. नाटकातली बाई मध्यरात्री रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं ओरडते: कधी संपणार हे? राग इथे पुसला गेला नाही, उलटा फिरवला गेला नाही, आणि कुणाच्या अंगावरही गेला नाही. त्याला आकार मिळाला. तालमीला आलेल्या दोघीतिघी रडल्या, कारण तो त्यांचाही राग होता.

मन रमवण्यासाठी काहीतरी करत राहणं म्हणजे उदात्तीकरण नव्हे. मूळ भावना त्या कामात ओळखू यावी लागते, आणि करणाऱ्याला त्यातून समाधानही मिळावं लागतं.

विनोद

रात्री दोन वाजता कूस बदलताना सासूबाई अडखळत म्हणतात, “किती वेळा उलटतेस गं, मी भाकरी आहे का?” सून म्हणते, “भाकरी असता तर एकदाच उलटलं असतं, आई.” दोघी हसतात. असहायता, जागरण, कंटाळा, सगळं त्या दोन वाक्यांत उघड आहे, आणि तरी कुणी दुखावलं नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1927 मध्ये विनोदावर निबंध लिहिला. त्यात सोमवारी फाशीला जाणारा कैदी आठवड्याची सुरुवात छान झाल्याचं म्हणतो. मृत्यू त्यानं नाकारलेला नाही, त्याच्याकडे पाहूनच तो बोलतो.

पाहुण्यांसमोर “यांच्यापायी माझं आयुष्य गेलं” असं हसत म्हणणं मात्र टोमणा. तिथे हसू एकाचं असतं आणि जखम दुसऱ्याला होते.

यंत्रणा बदलतात का?

बदलतात, पण हुकमानं नाही, कारण त्या बऱ्याचशा नकळत चालतात. पुरेशी झोप, हाताशी माणूस आणि “मलाही राग येतो” हे ऐकून न दचकणारं कुणीतरी मिळालं, की उदात्तीकरण आणि विनोद या वरच्या पायऱ्या जवळ येतात. दुसऱ्याचं हे पांघरूण ओढून काढलं, तर तो ते अधिक घट्ट धरतो.

म्हणून अशा घरातल्या मुलाशी आई चालेल की नाही यावर वाद घालू नका. ती चालेपर्यंत हवेची गादी लागेल म्हणा, आणि गादी आजच आणा.