फूल कुठं गेलं?

बॅडमिंटनच्या रॅलीचा व्हिडिओ एआयकडून करून घ्यायचा, तर पहिली गफलत ‘शटल ट्रॅक करा’ या शब्दांतच होते. यंत्र त्याचा अर्थ ‘कॅमेरा शटलमागे धावू दे’ असा घेऊ शकतं, आणि आपल्याला तर कॅमेरा स्थिर हवा असतो. म्हणून प्रॉम्प्टमध्ये सरळ लिहावं: ‘कॅमेरा नेटच्या रेषेत, कोर्टाच्या बाजूला, तिपाईवर, हलणार नाही, झूम नाही. दोन्ही खेळाडू आणि शटल सतत चौकटीत.’

दुसरा प्रश्न वेगाचा. ताशी ३६० किलोमीटरचा स्मॅश म्हणजे सेकंदाला १०० मीटर. सेकंदाला २४ चित्रं धरली, तर दोन चित्रांमध्ये फूल चार मीटर पुढे गेलेलं असतं. कोर्टाची लांबीच १३.४ मीटर. मग ते दिसणार कुठून? त्यापेक्षा उंच क्लिअर, मग नेटजवळ ड्रॉप, असे दोनच फटके मागावेत. गडद पार्श्वभूमीवर पांढरं फूल उठून दिसतं.

‘चपळ पावलं’ एवढं लिहिलं तर खेळाडू नुसताच नाचतो. ‘समोरचा फटका मारताना छोटी उडी, दोन सरकती पावलं, शेवटी रॅकेटच्या हाताकडचा पाय लांब पुढे’ असं क्रमानं सांगावं.

व्हिडिओ आला की एकेक चित्र थांबवून पाहा. फटक्यानंतर बुचाची बाजू पुढे वळते का? फूल जाळीतून आरपार तर गेलं नाही ना? माझ्या एका व्हिडिओत चक्क दोन फुलं उडत होती.