साडेतीन तासांवर आलेलं रॉटरडॅम

सकाळी ९. पॅकहाऊसच्या ऑफिसात आल्याबरोबर रॉटरडॅमच्या घड्याळाचा काटा एक तास पुढे केला. काल मार्चचा शेवटचा रविवार. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले तेव्हा युरोपातली घड्याळं पुढे गेली आणि साडेचार तासांचा फरक साडेतीनवर आला. नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम मात्र अजून संपलेला नाही.

गेल्या वर्षी याच सोमवारी मी चुकलो. बायरची माणसं तिकडच्या ९ ते १० आणि ३ ते ४ या दोन वेळांत कागदपत्रांच्या मेलना उत्तरं देतात, असं हंगामाआधीच ठरलेलं. मी बीएलचा ड्राफ्ट आपल्या पावणेदोनला पाठवला. तिकडे सव्वानऊ झाले असतील असं धरलं, पण सव्वादहा वाजून गेले होते. उत्तर आलं संध्याकाळी साडेसहानंतर, शिपिंग लाईनची दुरुस्तीची मुदत संपली होती पाचलाच. चुकीचा पत्ता छापला गेला आणि तो बदलून घ्यायला वेगळे पैसे मोजावे लागले. तेव्हापासून वेळा रॉटरडॅमच्या घड्याळावर बांधल्या आहेत आणि मुदत दोन्ही वेळांत लिहितो.

११.३०. सीएचएकडून ड्राफ्ट आला. कंटेनर आणि सील नंबर पॅकिंग लिस्टशी ताडून पाहिले.

१२.१०. मेल गेला. विषयाची ओळ अशी:

`BL DRAFT – REPLY BY 10:00 ROTTERDAM / 13:30 INDIA`

१२.५०. उत्तर आलं. नोटिफाय पार्टीच्या पिनकोडमध्ये एक अक्षर चुकलं होतं. सीएचएला लगेच कळवलं.

२.१५. सुधारलेला ड्राफ्ट हातात आला, पण पहिली वेळ टळली होती आणि दुसरी साडेसहाला. मुदत आजही पाचचीच. पुढच्या वेळेपर्यंत थांबलं तर पैसे जातील किंवा कंटेनर अडेल, तेच आम्ही ‘अर्जंट’ मानतो. दर, पुढच्या आठवड्याच्या पेट्या यांना तो शब्द लावायचा नाही, नाहीतर खऱ्या वेळी तिकडे कुणी फोन उचलणार नाही. आधी `URGENT` लिहून मेल केला, मग फोन. फोनवरचं ‘हो’ आम्ही धरत नाही. मंजुरी त्याच मेलवर लेखी लागते. २.४० ला ती आली.

३.३०. अंतिम बीएलसाठी होकार कळवला. पाचच्या आत दीड तास हाताशी होता.

६.३०. तिकडे ३ वाजले. पुढच्या आठवड्याच्या पेट्यांचे आकडे आले. उत्तर उद्या साडेबाराच्या आत जायला हवं, म्हणून मसुदा लिहून ठेवला.

७.३०. ऑफिस बंद. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे येतील. ती तारीख बायरच्या आणि आमच्या, दोन्ही कॅलेंडरांत आजच टाकली.