नळ घ्यायला निघालात?

प्लंबरने चिठ्ठी दिली: ‘बिब कॉक १, पिलर कॉक १, सिंक कॉक १, अँगल ४.’ दुकानदार विचारतो, ‘लाँग बॉडी की शॉर्ट? वॉल माउंटेड की टेबल?’ इथे बरेच जण गप्प बसतात आणि तो देईल ते घेऊन येतात. खरं तर एवढंच बघायचं असतं, की नळाचे आटे कुठे आहेत, मागे की खाली.

आटे मागे असतील, तर नळ थेट भिंतीत बसतो. तो बिब कॉक, म्हणजे बादलीवरचा आपला नेहमीचा नळ. त्याची बॉडी आखूड असली तर बादलीची कड भिंतीला टेकते, तरी धार मधोमध पडत नाही. बादलीसाठी लाँग बॉडीच घ्यावी.

आटे खाली असतील, तर तो पिलर कॉक. तो बेसिनच्या भोकात उभा राहतो आणि त्याला पाणी खालून मिळतं. बेसिन ओट्यावर वाडग्यासारखं ठेवलेलं असेल, तर साधा पिलर कॉक त्याच्या काठापर्यंतही पोचत नाही. तिथे उंच बॉडीचा लागतो.

पिलर कॉक एकटा आणून काम भागत नाही. भिंतीतलं पाणी त्याच्यापर्यंत न्यायला कनेक्शन पाईप लागतो आणि भिंतीपाशी अँगल व्हॉल्व्ह. हा काटकोनात वळलेला छोटा कॉक पाणी भरायला नसतो, ते अडवायला असतो. बेसिनचा नळ गळू लागला, की तेवढाच अँगल बंद करायचा. घरभराचं पाणी तोडावं लागत नाही. म्हणून चिठ्ठीत चार: बेसिनला एक, कमोडच्या टाकीला एक, गिझरला दोन. पैसे वाचवायला अँगल गाळणं ही माझ्या मते सगळ्यात वाईट काटकसर.

सिंक कॉकची नळी डावी-उजवीकडे फिरते. फसगत होते ती तिच्या लांबीत. समजा, टाइलपासून सिंकचा मध्य दहा इंचांवर आहे आणि नळी सहा इंचांची घेतली. धार मागच्या कडेजवळ पडते, भांडी कोपऱ्यात धरावी लागतात आणि शिंतोडे टाइलवर उडतात. पॉइंट भिंतीत नसून सिंकलाच भोक असेल, तर खाली आटे असलेला टेबल माउंटेड नळ घ्यायचा. मग अँगल आणि पाईप त्यालाही आलेच.

टाकी जेमतेम एक मजला वर असेल, तर तोंडाला फेसाची जाळी असलेला नळ बादलीवर लावू नका. जाळीने धार मऊ होते खरी, पण बादली भरायला वेळ लागतो.

दुकानात जाण्याआधी प्रत्येक पॉइंटचा मोबाइलवर फोटो काढा, सिंकचं अंतर टेपने मोजा आणि जुना नळ निघाला असेल तर पिशवीत टाकून सोबत न्या.