सरावाचं रेकॉर्डिंग तपासताना

कृषी अधिकाऱ्यांसाठीच्या एका ऑनलाइन कार्यशाळेत एका तरुण संशोधिकेला दहा मिनिटं बोलायचं होतं. विषय होता तुरीला ठिबकने पाणी देण्याचा. विषयात ती पक्की होती, स्लाइडही तयार होत्या. मी तिला एवढंच सुचवलं, की झूमवर एकटीनेच मीटिंग सुरू कर, Record दाब आणि समोर लोक बसलेत असं धरून भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत कर. अडखळलीस तरी थांबायचं नाही. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून, असं करणाऱ्यांची पहिली दोन मिनिटं घोटून घोटून पाठ होतात आणि शेवट कच्चाच राहतो.

मीटिंग संपवली की झूम रेकॉर्डिंगची फाइल कंप्युटरवर ठेवतं आणि सहसा नुसत्या आवाजाची वेगळी फाइलही देतं. ही दुसरी फाइल फार कामाची आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

पहिल्यांदा बघताना बहुतेकांना स्वतःचा आवाज आणि चेहरा खटकतो. याचं कारण साधं आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही पोहोचतो, म्हणून तो जास्त भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतून येणारा भाग नसतो. चेहऱ्याचंही तसंच. मीटिंगमध्ये आपल्याला आपलं चित्र सहसा आरशातल्यासारखं उलटं दिसतं, रेकॉर्डिंगमध्ये ते इतरांना दिसतं तसं सुलटं येतं. त्यामुळे पहिली फेरी नुसती बघून सोडून द्यावी. दोष शोधायला दुसऱ्या फेरीपासून बसावं, आणि एका फेरीत एकच गोष्ट बघावी.

आधी वेग. इंग्रजी भाषणांसाठी मिनिटाला अमुक शब्द असा हिशोब सांगतात, तो मराठीला लावू नये. आपल्याकडे ‘शेतकऱ्यांच्या’, ‘पाण्यासाठी’ असे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला शब्द कमी भरतात. शिवाय सरासरीने फारसं कळत नाही. कळतं ते प्रत्येक भागाला किती वेळ गेला त्यावरून. कागदावर स्लाइड बदलल्याच्या वेळा लिहून काढायच्या, बस.

या संशोधिकेचं भाषण 10 मिनिटं 50 सेकंदांचं झालं होतं. त्यातली पार्श्वभूमीच 4 मिनिटं 10 सेकंद खाऊन बसली होती, प्रयोगाच्या पद्धतीला साडेतीन मिनिटं गेली, समारोपाला एक मिनिट. आणि ज्यासाठी लोक ऐकायला बसणार होते त्या निष्कर्षांना 2 मिनिटं 10 सेकंद. तेवढ्यात दोन तक्ते आणि एक आलेख उरकला होता. “सर, इथे मी किती धावतेय!” ती म्हणाली. ती पूर्ण भाषणभर धावत नव्हती. सुरुवात उलट संथ होती, घड्याळाकडे लक्ष गेल्यावर ती धावायला लागली. अशा वेळी ‘हळू बोल’ हा सल्ला चुकीचा ठरतो, कारण सगळंच हळू बोललं तर भाषण अजून लांबेल. कापायला हवी होती ती पार्श्वभूमी. तूर म्हणजे काय हे कृषी अधिकाऱ्यांना सांगायची गरजच नव्हती.

आता नजर. इथे एक अडचण येते. स्लाइड शेअर केल्या की रेकॉर्डिंगमध्ये चेहऱ्याची चौकट एवढीशी होते, डोळे नीट दिसतच नाहीत. म्हणून नजरेसाठी पहिल्या दोन-तीन मिनिटांचं वेगळं रेकॉर्डिंग करावं. स्लाइड आणि टिपणं रोजच्या जागी उघडी ठेवायची, पण शेअर करायची नाहीत. मग ते आवाज बंद करून बघायचं. शब्द ऐकू आले की आपण अर्थात गुंततो आणि डोळ्यांकडे दुर्लक्ष होतं.

तिचे डोळे सारखे डावीकडे जात होते. टिपणांची खिडकी तिने डाव्या बाजूला लावली होती. बघणाऱ्याला मात्र ती खोलीतल्या दुसऱ्या कुणाशी बोलतेय असं वाटत होतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मिल्टन चेन यांनी 2002 मध्ये यावर काम केलं. व्हिडिओ संभाषणात समोरच्याची नजर बाजूला किंवा वर वळली तर आपल्याला ते लगेच जाणवतं, पण थोडी खाली असेल तर आपण ती आपल्यावरच आहे असं धरून चालतो, असं त्यात दिसलं. ही सूट साधारण पाच अंशांपर्यंत मिळते. चेहरा कॅमेऱ्यापासून अर्धा मीटर असेल तर पाच अंश म्हणजे जेमतेम साडेचार सेंटिमीटर.

यावरून उपाय आपोआप निघतो. कॅमेऱ्याच्या भिंगाकडे दहा मिनिटं टक लावून बसायची गरज नाही, तसं केलं तर चेहरा ताठरतो. टिपणांची खिडकी लहान करून पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, बरोबर कॅमेऱ्याखाली आणायची, अक्षर मोठं ठेवायचं आणि पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतील असं बघायचं. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणायचा. दुसरा मॉनिटर शेजारी असेल तर त्यावर काहीही वाचायला ठेवू नये.

शेवटी पालुपदं. त्यासाठी नुसत्या आवाजाची फाइल लावायची आणि कागदावर रेघा ओढत जायचं. ‘तर’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘या ठिकाणी’, ‘आपण जर बघितलं तर’ आणि लांबवलेला ‘अऽऽ’ ही आपल्याकडची नेहमीची मंडळी. प्रत्येक ‘म्हणजे’ दोषी नसतो. एखादी गोष्ट उलगडून सांगताना तो लागतोच. काढून टाकल्यावर वाक्याचं काहीच बिघडत नसेल तर रेघ ओढावी. आणि नुसत्या रेघा मोजून थांबू नये, त्या कुठे पडल्या ते बघावं.

तिच्या भाषणात फुकटचे ‘तर’ चौदा निघाले. त्यातले नऊ स्लाइड बदलतानाचे होते. नवी स्लाइड पडद्यावर आली की ती आधी स्वतः वाचायची, पुढचं वाक्य जुळवायची आणि तेवढा वेळ ‘तर’ने भरून काढायची. ‘तर म्हणू नकोस’ असं बजावलं असतं तर ती ‘ओके’ म्हणायला लागली असती. त्याऐवजी आम्ही प्रत्येक स्लाइडच्या शेवटी एक जोडवाक्य पक्कं केलं. आधी “यात पाणी किती वाचलं ते बघू” असं म्हणायचं आणि मगच बाण दाबायचा. स्लाइड येईपर्यंत ती पुढच्या विषयात शिरलेली असायची. उरलेले पाच ‘तर’ आम्ही तसेच राहू दिले. एकही पालुपद नसलेलं बोलणं वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

‘तर’च्या जागी एक-दोन सेकंदांची शांतता आली तर चालते. बोलणाऱ्याला ती फार लांब वाटते, रेकॉर्डिंगमध्ये मात्र जेमतेम जाणवते. ऑनलाइन ती याहून फार ताणू नये, नाहीतर ऐकणाऱ्यांना नेटवर्क गेलं की काय अशी शंका येते.

या सरावाची एक मर्यादा आहे. आपल्या कंप्युटरवरचं रेकॉर्डिंग नेटवर्कमधून गेलेलं नसतं, त्यामुळे पलीकडे आवाज कसा पोहोचतो हे त्यात कळत नाही. गोंगाट गाळणारी यंत्रणा कधी कधी हळू आवाजातले वाक्यांचे शेवटचे शब्दही गिळते. तिने धाकट्या भावाला दुसऱ्या गावाहून मीटिंगमध्ये घेतलं, त्याला रेकॉर्डिंगची परवानगी दिली आणि त्याच्याकडची फाइल मागवली. ‘हेक्टरी’नंतरचे आकडे दोन ठिकाणी पुसट झाले होते, कारण वाक्य संपवताना तिचा आवाज खाली जायचा. ते आकडे तिने वाक्याच्या सुरुवातीला घेतले.

दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या वेळा अशा आल्या: पार्श्वभूमी 2 मिनिटं 15 सेकंद, पद्धत अडीच मिनिटं, निष्कर्ष पावणेचार मिनिटं, समारोप 50 सेकंद. एकूण 9 मिनिटं 20 सेकंद. उरलेले 40 सेकंद तिने मोकळे सोडले, कारण माइक सुरू करायला, स्लाइड शेअर करायला आणि ‘दिसतंय का?’ विचारायला तेवढे लागतातच.