वायद्याच्या सांध्यावरची खोटी तेजी

एमसीएक्सवरच्या नॅचरल गॅसचा कंटिन्युअस चार्ट उघडला, की त्यात अधूनमधून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भलीमोठी फट दिसते. आदल्या दिवशीची कँडल खाली, दुसऱ्या दिवशीची थेट वर आणि मधे काहीच नाही. बातमी शोधायला जावं, तर तीही नसते. याचं कारण बहुतेक वेळा बाजारात नसतं. ते चार्टच्या शिवणीत असतं.

‘नॅचरल गॅस’ नावाचा एकच सौदा बाजारात नसतो. ऑक्टोबरचा वायदा वेगळा, नोव्हेंबरचा वेगळा, डिसेंबरचा त्याहून वेगळा. प्रत्येक वायद्याची एक्सपायरी ठरलेली असते आणि त्या दिवशी तो संपतो. म्हणजे पाच वर्षं अखंड चाललेला वायदाच नसल्याने त्याचा पाच वर्षांचा चार्टही असू शकत नाही. म्हणून चार्टवाले एक संपला की पुढचा, असे वायदे गोधडीच्या तुकड्यांसारखे जोडत जातात. ट्रेडिंगव्ह्यूवर NATURALGAS1! असं लिहिलं की मिळते ती हीच गोधडी.

आता शेजारशेजारच्या दोन वायद्यांचे भाव सारखे का नसतात? आपल्याकडचा गॅसचा वायदा अमेरिकेतल्या हेन्री हबच्या भावामागे चालतो. तिकडे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात गॅस जमिनीखालच्या साठ्यांत भरला जातो आणि नोव्हेंबर ते मार्च या थंडीत घरं तापवण्यासाठी उपसला जातो. त्यामुळे थंडीतल्या महिन्याचा गॅस शरदातल्या गॅसपेक्षा सहसा महाग असतो आणि हिवाळा सरताना हे चित्र उलटू शकतं. सोन्यात हा फरक मुख्यतः व्याजाच्या खर्चाएवढा, छोटा आणि बराचसा अंदाजातला असतो. गॅसमध्ये तो केवढाही असू शकतो, म्हणून उदाहरण गॅसचंच घेऊ. पुढचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी मानलेले आहेत.

समजा, संपणारा वायदा एक्सपायरीला २५० रुपयांवर बंद झाला आणि त्याच संध्याकाळी पुढच्या महिन्याचा वायदा २७५ वर होता. दुसऱ्या दिवशी हा नवा वायदा २७१ ते २७९ मध्ये फिरून पुन्हा २७५ वरच बंद झाला. म्हणजे त्याचा भाव एक पैसाही हलला नाही. कंटिन्युअस चार्टवर मात्र २५० नंतर २७५ आले आणि दहा टक्क्यांची तेजी उभी राहिली.

इंडिकेटरला एक्सपायरी कळत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. वीस दिवसांची साधी सरासरी २५० वर सपाट होती असं धरा. पहिल्या दिवशी ती २५१.२५ होते. पुढे भाव २७५ वरच खिळून राहिला, तरी रोज २५० चा एक आकडा गळतो, २७५ चा एक आत येतो आणि सरासरी सव्वा रुपयाने वर सरकते. वीस दिवस अशी चढती रेघ आणि तिच्या वर भाव! चार्ट पाहणारा याला अपट्रेंड म्हणेल आणि त्याला दोष देता येणार नाही.

आरएसआयचंही तेच. चौदा दिवसांच्या आरएसआयमध्ये सरासरी चढ आणि सरासरी उतार दोन्ही दोन-दोन रुपये असले, तर तो ५० वर असतो. त्यात २५ रुपयांचा एक चढ घाला. वाइल्डरच्या पद्धतीने सरासरी चढ ३.६४ होतो, उतार १.८६ वर येतो आणि आरएसआय एका दिवसात ६६ वर जातो. एटीआर आठ रुपये होता, तो साडेनऊ होतो, कारण कालच्या बंद भावापासून आजच्या उच्चांकापर्यंतचे २९ रुपये तो खरी हालचाल म्हणून मोजतो. एटीआरवर स्टॉपलॉस ठरवणाऱ्याचा स्टॉप मग पुढचे कित्येक दिवस उगाच लांब राहतो.

बॅकटेस्टमधली चूक मला सर्वांत घातक वाटते. गॅसचा लॉट १,२५० एमएमबीटीयूचा. कच्च्या चार्टवर चाचणी घेतली, तर सांध्याच्या आरपार खरेदी धरून ठेवणाऱ्याला कॉम्प्युटर एका लॉटला ३१,२५० रुपये नफा दाखवतो. प्रत्यक्षात त्या माणसाने जुना वायदा २५० ला विकला आणि नवा २७५ ला घेतला. ही तर वस्तूची अदलाबदल झाली, हातात रुपयाही आला नाही, उलट दोन वेळची दलाली गेली. त्यातही नवा महाग वायदा एक्सपायरीकडे जाताना हजर भावाकडे घसरला, तर तो तोटा मात्र अगदी खरा असतो. चार्टवरची खोटी उडी हा तोटा झाकून टाकते.

फट खरी की शिवणीची, हे ओळखायला एक गोष्ट पुरते. नव्या महिन्याच्या वायद्याचा स्वतंत्र चार्ट उघडा आणि तीच तारीख पाहा. तिथेही फट असेल तर बाजार खरोखर उडाला. तिथे शांतता असेल तर तो रोलओव्हर होता.

यावरचा रूढ उपाय म्हणजे बॅक-ॲडजस्टमेंट. ट्रेडिंगव्ह्यूवर त्यासाठी चार्टखाली B-ADJ असं बटण असतं. रोलच्या दिवशीचा दोन वायद्यांतला फरक, आपल्या उदाहरणात २५ रुपये, आधीच्या सगळ्या भावांत मिळवायचा. फट मिटते, सरासरी सपाट राहते, आरएसआय ५० च्या आसपास राहतो. पण आता इतिहासातले भाव खरे उरत नाहीत. महाग वायद्यात वारंवार रोल होणाऱ्या मालात जुने भाव फुगत जातात. उलट स्थितीत ते उतरत उतरत शून्याखालीही जाऊ शकतात. अशा चार्टवर ‘२५० चा सपोर्ट’ शोधण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या रोलला तो आकडाच बदलेल. टक्केवारीही बिघडते. ती जपायची असेल तर फरक मिळवण्याऐवजी जुने भाव नव्या-जुन्या भावांच्या गुणोत्तराने गुणतात.

रोल कुठल्या दिवशी धरायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. कोणी एक्सपायरीला धरतो, कोणी व्हॉल्यूम पुढच्या महिन्यात सरकला की आधीच. एप्रिल २०२० मध्ये या निवडीची किंमत दिसली. २० एप्रिलला अमेरिकी क्रूडचा मे वायदा उणे ३७.६३ डॉलरवर सेटल झाला, त्याच दिवशी जूनचा २०.४३ वर होता. फरक ५८.०६ डॉलर. दुसऱ्या दिवशी मे १०.०१ वर, जून ११.५७ वर, फरक १.५६ डॉलर. म्हणजे एका दिवसाच्या पुढेमागे रोल धरला, तर ॲडजस्ट केलेल्या चार्टवर आधीची सगळी वर्षं साडेछप्पन्न डॉलरने वर किंवा खाली. आठवडाभर आधी जूनवर गेलेल्याच्या चार्टवर तर उणे सेटलमेंट उमटलंच नाही. आपल्याकडे एमसीएक्सचा एप्रिलचा क्रूड वायदा त्याच २० तारखेला संपत होता आणि तो उणे २,८८४ रुपयांवर सेटल झाला.

गुणोत्तराची पद्धत तर तिथे साफ कोलमडते. २०.४३ ला उणे ३७.६३ ने भागलं की गुणक उणे येतो. त्याने जुने भाव गुणले, की सगळा इतिहास शून्याखाली उलटा टांगला जातो आणि २००८ चा उच्चांक चार्टच्या तळाशी जाऊन बसतो.